मॉरिशसच्या वीस स्त्रिया: स्वतःच्या देशाविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांपर्यंत कशी गेली

मानवाधिकारांचे आंतरराष्ट्रीय करार हा विषय नव्याने वाचायला घेणाऱ्याला बहुतेक वेळा करारांची यादी हातात मिळते. त्या यादीतून काही कळत नाही. एखादा करार प्रत्यक्षात काय करू शकतो आणि कुठे थांबतो हे एका प्रकरणातूनच नीट दिसतं. त्यासाठी मी 1978 साली मॉरिशसमधून गेलेली एक तक्रार निवडली आहे. प्रकरण जुनं आहे, पण छोटं आणि स्वच्छ आहे. शिवाय कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या बेटावर राहतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे तो देश आपल्याला अगदीच परका नाही.

मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला. नवरा किंवा बायको परदेशी असेल तर 1977 पर्यंत तिथला नियम सरळ होता. मॉरिशसच्या नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला देशात येण्याजाण्याची मोकळीक होती, तो रहिवासी धरला जाई आणि त्याला हद्दपार करता येत नसे. नागरिक असलेला जोडीदार पुरुष आहे की स्त्री, याने फरक पडत नव्हता.

12 एप्रिल 1977 पासून दोन दुरुस्ती कायदे लागू झाले, एक स्थलांतराच्या कायद्याचा आणि दुसरा हद्दपारीच्या कायद्याचा. परदेशी बायकांची सवलत तशीच राहिली. परदेशी नवऱ्यांची मात्र गेली. त्यांना आता गृहमंत्र्यांकडे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागणार होता. मंत्र्याने नाही म्हटलं तर कोर्टात दाद मागायची सोय नव्हती, आणि मंत्र्याच्या हुकमाने केव्हाही हद्दपारी होऊ शकत होती. काही परदेशी नवऱ्यांवर देशविघातक कारवायांचा संशय आल्यामुळे हे करावं लागलं, असं सरकारचं म्हणणं होतं.

म्हणजे मॉरिशसच्या पुरुषाने फ्रान्समधली बायको आणली तर ती निर्धास्त राहणार, आणि मॉरिशसच्या स्त्रीने फ्रान्समधला नवरा केला तर त्याचं राहणं मंत्र्याच्या मर्जीवर. वीस स्त्रियांनी 2 मे 1978 च्या पत्राने याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार केली. त्यांत शिरीन ओमीरुद्दी-सिफ्रा होत्या. त्या स्वतः मॉरिशसच्या विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्य होत्या आणि त्यांचा नवरा परदेशी होता. त्याने कायदा बदलल्यावर लगेच, त्याच एप्रिलमध्ये, परवान्यासाठी अर्ज केला होता आणि पुढे नागरिकत्वासाठीही केला. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत जवळपास चार वर्षं होत आली, तरी त्यांना होकारही मिळाला नव्हता आणि नकारही. देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहात बसणाऱ्या बाईला आपला नवरा पुढच्या महिन्यात घरी असेल की नाही हे सांगता येत नव्हतं.

आता खरा प्रश्न. मॉरिशसच्या कायद्याबद्दल मॉरिशसबाहेरच्या कुणी का बोलावं? कारण मॉरिशसने तसं स्वतः कबूल केलं होतं. 12 डिसेंबर 1973 रोजी त्याने दोन कागद स्वीकारले होते. पहिला म्हणजे नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. यात देश वचन देतो की आपल्या भूमीवरच्या आणि अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येक माणसाला हे हक्क कुठलाही भेद न करता मिळतील, त्यासाठी लागेल ते कायदे करू, आणि हक्काचा भंग झाला तर दाद मागायची सोय ठेवू. दुसरा कागद म्हणजे या कराराला जोडलेला पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल. देश आपला शब्द मोडतो आहे असं वाटलं तर साध्या माणसालाही, करार पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करता येईल, ही परवानगी देश याने देतो.

नवख्या वाचकाची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. करारावर सही केली म्हणजे तक्रारीचं दार उघडलं, असं नसतं. करार मान्य करणं एक आणि तक्रारीची परवानगी देणं दुसरं. पहिलं केलेले पण दुसरं न केलेले कितीतरी देश आहेत. म्हणून कुठल्याही प्रकरणात पहिली चौकशी हीच करायची, की ज्या देशाविरुद्ध तक्रार आहे त्याने दुसरा कागद स्वीकारला आहे का, आणि घटना त्यानंतरची आहे का. मॉरिशसच्या बाबतीत दोन्ही उत्तरं होकारार्थी होती. प्रोटोकॉल 23 मार्च 1976 रोजी अंमलात आला होता आणि कायदे 1977 चे होते.

दुसरी अट अशी की आधी आपल्या देशातले उपाय वापरून झालेले असले पाहिजेत. समिती म्हणजे वरचं अपील कोर्ट नव्हे. देशाला आपली चूक घरातच सुधारायची संधी आधी मिळाली पाहिजे, असा विचार यामागे आहे. मॉरिशसमध्ये तर शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. इमारत परदेशात असली तरी तो मॉरिशसचा देशांतर्गत उपायच आहे, आणि गरज असेल तर तोही वापरून यावं लागतं. पण ही अट उपलब्ध आणि उपयोगी असलेल्या उपायांपुरतीच आहे. इथे मंत्र्याच्या नकारावर कोर्टात जाता येत नव्हतं. तेव्हाच्या मॉरिशसच्या राज्यघटनेत भेदभावाच्या व्याख्येत वंश, जात, धर्म वगैरे कारणं होती, पण लिंगभेद त्यात नव्हता. तेव्हा कोर्टात उभं राहून सांगायचं काय? सरकारनेही तक्रार दाखल करून घ्यायला हरकत घेतली नाही. आज मात्र बहुतेक सरकारं पहिला आक्षेप याच मुद्द्यावर घेतात, आणि फेटाळल्या जाणाऱ्या अनेक तक्रारी इथेच अडकतात. कोर्टात गेलो असतो तर काही झालं नसतं अशी नुसती खात्री वाटणं पुरत नाही. तसाच प्रश्न वरच्या कोर्टाने आधीच विरुद्ध ठरवला आहे, किंवा खटला अवाजवी वर्षानुवर्षं रखडला आहे, असं काहीतरी दाखवावं लागतं.

या प्रकरणाचा माझ्या मते सर्वांत शिकवणारा भाग यापुढे येतो. वीस जणींपैकी तिघींचीच लग्नं परदेशी पुरुषांशी झाली होती. सतरा जणी अविवाहित होत्या. त्यांचं म्हणणं असं, की उद्या आम्हीही परदेशी माणसाशी लग्न करू शकतो, म्हणजे हा कायदा आमच्याही निवडीवर बंधन घालतो. माणूस म्हणून ऐकताना हे पटतं. पण समितीने सतरा जणींचं म्हणणं स्वीकारलं नाही.

कारण प्रोटोकॉलखाली तक्रार पीडित व्यक्तीच करू शकते. कायदा वाईट आहे, तो करारात बसत नाही, एवढं म्हणून कुणालाही येता येत नाही. आपल्याकडे जनहित याचिकेची सवय असल्यामुळे हे जरा खटकतं. कुणीही नागरिक उच्च न्यायालयात जाऊन दुसऱ्यांच्या वतीने दाद मागतो हे आपण पाहत आलो आहोत. समितीकडे तसं चालत नाही. मात्र समितीने दार अगदी बंदही केलं नाही. कायदा अजून प्रत्यक्ष लावला गेला नसेल, पण तो त्या व्यक्तीला लागू होण्याचा धोका नुसता कल्पनेतला नसून खरा असेल, तर ती व्यक्ती पीडित धरता येईल, असं तिने सांगितलं. या कसोटीला तिघी उतरल्या. त्यांच्यापैकी कुणाच्याही नवऱ्याला अजून विमानात बसवलेलं नव्हतं, पण त्यांचं देशात राहणं अनिश्चित झालं होतं आणि हद्दपारीचा हुकूम कोर्टाच्या तपासणीशिवाय निघू शकत होता. अविवाहित सतरा जणींपैकी एकीनेही, मला स्वतःला हा धोका आत्ता आहे, असं दाखवलेलं नव्हतं.

तक्रारीचा मसुदा करणाऱ्याने यातून कामाची गोष्ट घ्यायची ती अशी. मजकुरात कायद्यावरची टीका दोन पानं आणि स्वतःची हकिगत चार ओळी, असं करू नये. उलट असावं. अर्ज कोणत्या तारखेला केला, कुणाकडे केला, पोच आहे का, काय उत्तर आलं, उत्तर आलं नसेल तर किती काळ आलं नाही, त्यामुळे घरात नेमकं काय थांबलं, हे तारखांच्या क्रमाने आणि कागदांच्या प्रतींसह यायला हवं. 'परदेशी नवऱ्यांवर अन्याय होतो' या वाक्याने सतरा जणींची जागा मिळते. 'माझ्या नवऱ्याचा 1977 च्या एप्रिलमधला अर्ज अजून पडून आहे आणि त्याला केव्हाही जायला सांगितलं जाऊ शकतं' या वाक्याने तिघींची.

तिघींच्या बाबतीत समितीने विचार कसा केला, हेही पायरीपायरीने बघण्यासारखं आहे. सरकारचा बचाव कमकुवत नव्हता. परदेशी माणसाला देशात घ्यायचं की नाही हा सार्वभौम देशाचा अधिकार आहे, आणि करारात परदेशी माणसाला दुसऱ्या देशात येऊन राहण्याचा हक्क कुठेही दिलेला नाही. ही दोन्ही विधानं बरोबर आहेत. पण समितीने नवऱ्यांच्या हक्काकडे पाहिलंच नाही. तिने बायकांच्या हक्काकडे पाहिलं. कराराच्या सतराव्या कलमाने प्रत्येकाच्या कुटुंबात मनमानी किंवा बेकायदा ढवळाढवळ करायला मनाई आहे. नवरा-बायकोने एकत्र राहणं ही कुटुंबाची साधी रीत आहे, आणि जिथे जवळचं कुटुंब राहतं त्या देशातून एखाद्याला बाहेर ठेवणं ही त्या कुटुंबातली ढवळाढवळ ठरू शकते. ती मॉरिशसच्या कायद्याप्रमाणे झाली हे खरं, पण तेवढ्याने ती कराराच्या कसोटीला उतरत नाही.

मग पुढची पायरी. ढवळाढवळीचा धोका कुणाला? फक्त स्त्रियांना. पुरुष नागरिकाच्या परदेशी बायकोला तो नाही. भेद करायचा तर सबळ कारण हवं. सुरक्षिततेचं कारण सरकारने दिलं, पण तो धोका परदेशी नवऱ्यांपासूनच आहे आणि परदेशी बायकांपासून नाही, हे पटवून देता आलं नाही. कुटुंबाला समाजाने आणि राज्याने किती संरक्षण द्यायचं हे देशादेशांत वेगळं असू शकतं, हे समितीने मान्य केलं. पण जे संरक्षण द्याल ते स्त्री-पुरुषांना सारखं द्यावं लागेल. 9 एप्रिल 1981 रोजी समितीने आपलं मत दिलं: तिघींच्या बाबतीत भेदभावाच्या मनाईचा भंग झाला आहे, कुटुंबाच्या संरक्षणाच्या संदर्भातही आणि कायद्यापुढच्या समानतेच्या संदर्भातही. मॉरिशसने कायदे करारानुसार बदलावेत आणि पीडितांना ताबडतोब दाद द्यावी. राजकीय सहभागाच्या हक्काचाही भंग झाल्याचा ओमीरुद्दी-सिफ्रा यांचा दावा मात्र मान्य झाला नाही, कारण त्या विधानसभेचं काम करत होत्या आणि कायद्याने त्यांना त्यापासून रोखलेलं नव्हतं.

मत म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. समितीत अठरा स्वतंत्र तज्ज्ञ असतात आणि बहुतेक काम कागदोपत्री, बंद दाराआड चालतं. तिच्याकडे पोलीस नाहीत आणि जप्तीचा अधिकारही नाही. प्रामाणिक देशाने मत मानावं अशी अपेक्षा असते, कारण करार पाळायचं वचन त्यानेच दिलेलं असतं. पण न मानणारे देश आहेत आणि त्यांना शिक्षा होत नाही. त्या काळी तर मत दिल्यानंतर देशाने काय केलं हे पाहण्याची व्यवस्थाही समितीकडे नव्हती, ती 1990 मध्ये आली. आता देशाला साधारण सहा महिन्यांत काय पावलं उचलली हे कळवायला सांगतात.

मॉरिशसने ऐकलं. 1982 च्या निवडणुकीत सरकार बदललं होतं, याचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. आंतरराष्ट्रीय मत देशात उतरतं ते बहुधा तिथल्या राजकारणाच्या वाटेने. 24 मार्च 1983 रोजी संसदेने दोन्ही कायद्यांत दुरुस्ती करून लिंगभेद काढून टाकला आणि जूनमध्ये सरकारने समितीला तसं कळवलं. तक्रारीच्या पत्रापासून इथवर पाच वर्षं गेली. ज्या सतरा जणींना समितीने पीडित मानलं नव्हतं, त्यांच्यासाठीही कायदा बदलला. राज्यघटनेतल्या भेदभावाच्या व्याख्येत लिंग हा शब्द यायला मात्र 1995 उजाडलं.

या विजयाला एक मर्यादा होती, ती सांगितलीच पाहिजे. 'सारखी वागणूक द्या' असा निर्णय दोन प्रकारे पाळता येतो. मॉरिशसच्या निर्णयानंतर चार वर्षांनी, 1985 मध्ये, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापुढे ब्रिटनविरुद्ध जवळपास असाच खटला आला. तिथेही परदेशी बायकांना येणं सोपं आणि परदेशी नवऱ्यांना अवघड होतं. ब्रिटन हरलं. मग त्याने नवऱ्यांसाठी वाट सोपी केली नाही, तर बायकांसाठीही तेवढीच अवघड केली. भेद गेला, पण कुटुंबांच्या हातात काही आलं नाही. म्हणून फक्त समानतेच्या मुद्द्यावर तक्रार उभी करणाऱ्याने हा धोका आधीच ओळखावा, आणि कुटुंबाच्या संरक्षणासारखा स्वतंत्र हक्कही नीट मांडावा. युरोपचं ते न्यायालय आणि ही समिती यांतला फरकही ध्यानात ठेवायला हवा. न्यायालयाचा निकाल बंधनकारक असतो, पण तिथे फक्त युरोप परिषदेच्या सदस्य देशांविरुद्धच जाता येतं.

आज कुणाला समितीकडे जायचं असेल तर रीत साधारण तीच आहे. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाकडे लेखी तक्रार पाठवायची. ठरलेला नमुना त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. निनावी तक्रार घेत नाहीत, पण जाहीर होणाऱ्या कागदांत नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय तक्रार यंत्रणेपुढे चालू असेल तर समिती हात लावत नाही. देशातले उपाय संपल्यावर पाच वर्षांहून जास्त वेळ घालवला तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. दाखल झाल्यावर देशाला उत्तरासाठी सहा महिने मिळतात, मग तक्रारदाराला प्रत्युत्तराची संधी. निर्णयाला वर्षं लागतात. भरून न येणारं नुकसान तोंडावर असेल, उदाहरणार्थ छळाचा धोका असलेल्या देशात पाठवणी, तर मत येईपर्यंत थांबा असं समिती देशाला सांगू शकते. अशी विनंती तक्रारीच्या अगदी सुरुवातीला आणि ठळकपणे करावी.

तक्रारदार त्या देशाचा नागरिक असण्याची गरज नाही. तो त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात असला की झालं. जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी हा प्रोटोकॉल स्वीकारला आहे, त्यामुळे तिथे कामाला गेलेला पुण्याचा माणूसही तिथल्या सरकारविरुद्ध तक्रार करू शकतो. अमेरिका आणि ब्रिटनने तो स्वीकारलेला नाही. दुबईला गेलेल्याला तर मूळ करारच उपयोगी पडत नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीने तो मान्य केलेला नाही.

आणि भारत? भारताने हा करार 10 एप्रिल 1979 रोजी मान्य केला, पण ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या करारालाही आपण 1993 मध्ये मंजुरी दिली, तिथेही वैयक्तिक तक्रारीची परवानगी नाही. इतर मानवाधिकार करारांच्या समित्यांबाबतही तेच आहे. मॉरिशसच्या पोर्ट लुईसमधल्या मराठी बाईला जे दार उघडं आहे ते रत्नागिरीतल्या बाईला नाही.

रत्नागिरीतल्या बाईकडे दुसरे मार्ग आहेत, पण ते वेगळ्या जातीचे आहेत. करार आपल्याच न्यायालयांपुढे वापरता येतो. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि संसदेने कायदा करेपर्यंत ती लागू राहिली. दुसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना लिहिण्याचा. हे विषयवार नेमलेले तज्ज्ञ असतात, त्यांना पत्र लिहिण्यासाठी देशाने कुठला करार मान्य केला असण्याची अट नाही आणि आधी कोर्टात जाण्याचीही नाही. ते पटलं तर सरकारला पत्र पाठवून खुलासा मागतात, आणि साधारण साठ दिवसांनी ते पत्र आणि सरकारचं उत्तर आलं असेल तर तेही जाहीर होतं. भंग झाला की नाही याचा निवाडा ते देत नाहीत.